विक्री सहा टनांनी वाढली, मग नफा ऐंशी हजारांनी घटला कसा?

मागच्या व्हिडिओत हळद पावडरच्या युनिटचा दोन वर्षांचा हिशोब फळ्यावर मांडला होता. वेळ कमी होता, आकडे पटापट पुसले गेले. म्हणून तोच हिशोब इथे सावकाश मांडतो. कागद-पेन घेऊन बसलात तर जास्त बरं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. हा प्रश्न फक्त माल तयार करणाऱ्यांचा आहे. माझं दुकान खरेदी-विक्रीचं आहे. मी माल आणतो, तसाच विकतो. दुकानाचं भाडं, पोराचा पगार, लाईट बिल हे सगळं त्या-त्या महिन्याच्या खर्चात सरळ जातं. माल पडून राहिला तरी दुकानभाडं त्या मालात चिकटत नाही. पण तुम्ही कच्चा माल घेऊन त्याचं दुसरं काही बनवत असाल, म्हणजे हळदीची पावडर, तुरीची डाळ, शेवया, पशुखाद्य, सिमेंटच्या विटा, तर शेडचं भाडं आणि मशीनचा घसारा हा माल बनवण्याचाच खर्च होतो. मग तो तयार मालाच्या किमतीत धरायचा की महिना संपला की उडवून टाकायचा, हा प्रश्न येतो. धरला तर ॲब्सॉर्प्शन कॉस्टिंग, उडवला तर व्हेरिएबल कॉस्टिंग. दोन्हींत फरक फक्त एवढाच. बाकी पुस्तकात जे काही लांबलचक दिलंय ते सगळं यातूनच निघतं.

आता उदाहरण. समजा कनेरगाव नाक्याच्या परिसरात, हिंगोली-वाशीम रोडला एकाने पल्व्हरायझर टाकलाय. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डातून हळकुंड आणायचं, दळायचं, चाळायचं, पाऊचमध्ये भरायचं आणि आजूबाजूच्या किराणा दुकानांना द्यायचं. आकडे मी हिशोब सोपा जावा म्हणून धरलेत, हळदीचा भाव दोन्ही वर्षं सारखाच ठेवलाय. प्रत्यक्षात तो तसा राहत नाही हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. पण भावाचा खेळ मधे आणला की स्टॉकचा खेळ दिसत नाही, म्हणून तो बाजूला.

एक किलो पावडरीला बदलता खर्च असा: दळतानाची घट धरून हळकुंड १५० रुपये, मशीनची वीज ३ रुपये, किलोवर दिली जाणारी पॅकिंगची मजुरी ५ रुपये, पाऊच आणि खोकं ७ रुपये. झाले १६५. दुकानापर्यंत पोचवायला टेम्पो आणि कमिशन मिळून किलोला ५ रुपये. विक्रीचा भाव २१० रुपये. म्हणजे एक किलो विकला की हातात उरतात ४० रुपये.

स्थिर खर्च दोन तऱ्हेचे. बनवण्याशी जोडलेला महिन्याला ४०,००० रुपये: शेडचं भाडं १०,०००, ऑपरेटर आणि मदतनीस यांचे पगार २२,०००, मशीनचा घसारा ६,०००, वीज बिलातला स्थिर आकार आणि देखभाल २,०००. वर्षाचे ४,८०,०००. दुसरा ऑफिस आणि विक्रीचा स्थिर खर्च, वर्षाला १,२०,०००. हा दुसरा दोन्ही पद्धतींत त्याच वर्षी उडवायचा असतो, त्यामुळे त्याच्यावरून भांडण नाही. बँकेचं व्याज मी इथे धरलेलं नाही. ते शेवटी येईल, आणि चांगलंच बोचेल.

एक अडचण इथेच सांगतो. कॉलेजच्या पुस्तकात मजुरी म्हणजे बदलता खर्च असं छापलेलं असतं. आपल्याकडे तसं नसतं. पॅकिंगच्या बायका किलोवर काम करत असतील तर ती मजुरी बदलती. पण ऑपरेटरला महिन्याचा पगार ठरलेला असेल, तर मशीन चाललं काय नि बंद राहिलं काय, पगार तेवढाच. तो स्थिरच धरा. पुस्तकाचं नाव पाहून नाही, पैसा कसा जातो ते पाहून खर्च वेगळे करा.

आता दोन वर्षं बघू. पहिल्या वर्षी मालकाने जोरात मशीन चालवलं. ३०,००० किलो पावडर तयार केली, विकली २०,०००. वर्षअखेर १०,००० किलो गोडाऊनला राहिली. दुसऱ्या वर्षी गोडाऊन भरलेलं होतं, म्हणून फक्त १६,००० किलो तयार केली आणि जुनी-नवी मिळून २६,००० किलो विकली. शिल्लक शून्य.

पहिलं वर्ष, ॲब्सॉर्प्शनने. ४,८०,००० चा स्थिर खर्च ३०,००० किलोवर वाटला. किलोला आले १६ रुपये. एक किलोची किंमत १६५ अधिक १६, म्हणजे १८१. विकलेल्या २०,००० किलोची किंमत ३६,२०,०००. विक्री ४२,००,०००. वरचे राहिले ५,८०,०००. त्यातून टेम्पो-कमिशनचे १,००,००० आणि ऑफिसचे १,२०,००० वजा केले. नफा ३,६०,०००.

तेच वर्ष, व्हेरिएबलने. २०,००० किलो गुणिले ४० रुपये म्हणजे ८,००,०००. त्यातून ४,८०,००० आणि १,२०,००० वजा. नफा २,००,०००.

माल तोच, गिऱ्हाईक तेच, गल्ल्यात आलेला पैसाही तोच. तरी १,६०,००० चा फरक. हे पैसे गेले कुठे? गोडाऊनला. शिल्लक १०,००० किलोला प्रत्येकी १६ रुपये स्थिर खर्च चिकटलाय, त्याचेच झाले १,६०,०००. ॲब्सॉर्प्शन म्हणतं, हा खर्च अजून झालाच नाही, तो मालाच्या रूपाने शिल्लक आहे, माल विकला जाईल तेव्हा दाखवू. व्हेरिएबल म्हणतं, शेडचं भाडं त्या वर्षाचं होतं, दिलं गेलं, विषय संपला.

दुसरं वर्ष, व्हेरिएबलने. २६,००० गुणिले ४० म्हणजे १०,४०,०००. वजा ६,००,०००. नफा ४,४०,०००.

दुसरं वर्ष, ॲब्सॉर्प्शनने. आता ४,८०,००० फक्त १६,००० किलोवर वाटले गेले. किलोला ३० रुपये. नवीन पावडर पडली १९५ रुपये किलो. आधी जुनी १०,००० किलो गेली १८१ ने, म्हणजे १८,१०,०००. मग नवी १६,००० किलो १९५ ने, ३१,२०,०००. एकूण ४९,३०,०००. विक्री ५४,६०,०००. राहिले ५,३०,०००. वजा टेम्पो-कमिशन १,३०,०००, ऑफिस १,२०,०००. नफा २,८०,०००.

एकत्र बघा:

| | पहिलं वर्ष | दुसरं वर्ष | दोन्ही मिळून |
|---|---|---|---|
| तयार पावडर, किलो | ३०,००० | १६,००० | ४६,००० |
| विकलेली, किलो | २०,००० | २६,००० | ४६,००० |
| वर्षअखेर शिल्लक, किलो | १०,००० | ० | |
| नफा, ॲब्सॉर्प्शन | ३,६०,००० | २,८०,००० | ६,४०,००० |
| नफा, व्हेरिएबल | २,००,००० | ४,४०,००० | ६,४०,००० |

शेवटचा रकाना आधी वाचा. सगळा माल विकला गेला की दोन्ही पद्धतींची बेरीज जुळते. कुठलीच पद्धत पैसा निर्माण करत नाही की खात नाही. खर्च कोणत्या वर्षाच्या डोक्यावर टाकायचा एवढंच ठरतं. स्थिर उत्पादन खर्च दरवर्षी ४,८०,००० च होता, पण ॲब्सॉर्प्शनमध्ये पहिल्या वर्षाने उचलले फक्त ३,२०,०००, आणि दुसऱ्या वर्षावर बसले ६,४०,०००. एकाचं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर.

आता मधले दोन रकाने मालकाच्या नजरेतून वाचा. त्याच्या बॅलन्सशीटवर ॲब्सॉर्प्शनचाच आकडा येणार. पहिल्या वर्षी तीन लाख साठ हजार दिसले. त्याला वाटलं धंदा जमला. त्या भरवशावर दुसरं मशीन बुक केलं, घरखर्चाला जास्त उचल घेतली. दुसऱ्या वर्षी सहा टन जास्त विकले, म्हणजे विक्रीत ३० टक्के वाढ, आणि नफा ऐंशी हजारांनी कमी. मग राग कोणावर निघतो? फिरून ऑर्डर आणणाऱ्या पोरावर. "तू भाव पाडून माल विकतोस" म्हणून त्याला घरी बसवलं जातं. खरं तर त्याच पोराने त्या वर्षी किलोमागे ४० रुपयांप्रमाणे २,४०,००० जास्त कमावून दिले होते. हे व्हेरिएबलच्या ओळीत स्पष्ट दिसतं, दोन लाखांचे चार लाख चाळीस हजार झाले. पण ती ओळ कोणी काढलेलीच नसते.

हा पेच आपल्याकडचा एकट्याचा नाही, आणि नवा तर मुळीच नाही. अमेरिकेत जोनाथन हॅरिस नावाच्या हिशोबतज्ज्ञाने १९३६ साली तिथल्या कॉस्ट अकाउंटंट्सच्या बुलेटिनमध्ये एक लेख लिहिला. शीर्षकच होतं, गेल्या महिन्यात आपण किती कमावलं? विक्री वाढलेली असताना नफा उतरलेला कसा, या कंपनीच्या प्रमुखाला पडणाऱ्या प्रश्नावरच तो लेख आहे. व्हेरिएबल कॉस्टिंगचा, तेव्हाच्या भाषेत डायरेक्ट कॉस्टिंगचा, प्रसार त्या लेखापासून झाला असं मानतात. बाकी इतिहास राहू द्या.

न विकता नफा कसा वाढतो

ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पहिल्या वर्षाकडे परत या. विक्री २०,००० किलोच ठेवा. समजा मालकाने तेवढीच, २०,००० किलो तयार केली असती. मग स्थिर खर्च किलोला २४ रुपये पडला असता, शिल्लक शून्य, आणि ॲब्सॉर्प्शनचा नफा २,००,०००. त्याने ३०,००० तयार केली, नफा ३,६०,०००. एक किलोही जास्त न विकता १,६०,००० वाढले. फक्त मशीन जास्त वेळ फिरवून.

आता गल्ला बघा. जास्तीच्या १०,००० किलोसाठी बदलता खर्च १६५ रुपयांप्रमाणे १६,५०,००० रुपये रोख गेले. ते हळकुंडात, पाऊचमध्ये, मजुरीत अडकले. नफा वाढला कागदावर, आणि बँकेतून पैसा गेला खरा. तो पैसा सीसी लिमिटमधून घेतला असेल, आणि १० टक्के व्याज धरलं, तर माल पूर्ण वर्ष पडून राहिल्यास व्याज होतं १,६५,०००. म्हणजे कागदावर वाढलेला नफा १,६०,००० आणि त्यासाठी भरलेलं व्याज त्याहून पाच हजार जास्त. "नफा दिसतोय पण खात्यात पैसा का नाही" हा प्रश्न मला खूप जण विचारतात. उधारी हे एक कारण असतंच, पण दुसरं कारण बहुतेक वेळा हे असतं.

हळदीला आणखी एक घोर आहे. हळकुंड नीट वाळलेलं असेल तर टिकतं. पावडर तशी टिकत नाही. उजेडाने रंग उतरतो, पावसाळ्यात ओल धरते, गाठी होतात. वरच्या हिशोबात १०,००० किलो दुसऱ्या वर्षी २१० नेच गेली असं धरलंय. ती उतरून १७० ने विकावी लागली तर? हिशोबाचा नियम आहे की शिल्लक माल किंमत किंवा विकून हाती येणारी रक्कम, यातलं जे कमी असेल त्याने धरायचा. १७० मधून टेम्पो-कमिशनचे ५ गेले, राहिले १६५. म्हणजे ३१ मार्चलाच ते दिसत असेल तर १८१ नाही, १६५ धरावे लागतील, आणि चिकटवलेले १६ रुपये तिथेच गळून पडतील. फुगलेला १,६०,००० चा नफा एका ओळीत गायब.

यातूनच धंद्याची एक साधी गोष्ट निघते. हंगामात स्वस्त मिळते म्हणून हळद भरून ठेवायची असेल तर हळकुंडाच्या रूपात ठेवा, लागेल तशी दळा. न दळलेल्या हळकुंडाला शेडचा आणि पगाराचा खर्च चिकटत नाही, तो कच्चा माल आहे. दोन्ही पद्धतींत त्याची किंमत सारखीच. तुमचा नफा त्या साठ्यामुळे फुगणार नाही की दबणार नाही. माल उतरण्याची भीतीही कमी. ऑपरेटर रिकामा बसलाय म्हणून पावडर करून ठेवणं हे डोळ्यांना बरं वाटतं, पण त्याचा पगार तसाही जाणारच आहे. दळून ठेवल्याने तो वाचत नाही, फक्त पुढच्या वर्षावर जातो.

मग ॲब्सॉर्प्शन सोडून द्यायचं का?

नाही. सोडताच येत नाही. आपल्या देशात वस्तुसाठ्याच्या मूल्यांकनासाठी सनदी लेखापालांच्या संस्थेचं लेखा मानक २ आहे. त्यानुसार तयार मालाच्या किमतीत स्थिर उत्पादन खर्चाचा वाटा धरावाच लागतो. त्यामुळे बॅलन्सशीट, बँकेला द्यायचे कागद, हे सगळं ॲब्सॉर्प्शननेच. व्हेरिएबलचा हिशोब तुमच्या स्वतःच्या वहीसाठी. दोन वह्या म्हटलं की काही जण दचकतात. ही चोरीची दुसरी वही नाही, नोंदी त्याच आहेत. फक्त बेरजेची मांडणी वेगळी.

त्याच मानकात एक शहाणपणाची अट आहे. स्थिर खर्च वाटताना भागायचं ते नेहमीच्या उत्पादनाने, म्हणजे साधारण परिस्थितीत चार-दोन हंगामांत सरासरी जेवढं होतं तेवढ्याने. समजा आपल्या युनिटचं नेहमीचं उत्पादन २४,००० किलो आहे, म्हणजे दर २० रुपये. दुसऱ्या वर्षी १६,००० च किलो झाली म्हणून शिल्लक मालाला ३० रुपये चिकटवता येणार नाहीत. २० च धरायचे, उरलेला खर्च त्याच वर्षी सोसायचा. उलट, पहिल्या वर्षासारखं फार जास्त उत्पादन झालं तर दर कमी करून प्रत्यक्षाचे १६ धरायचे, नाहीतर झालेल्या खर्चापेक्षा जास्त खर्च मालात जाईल. ऑफिस खर्च, विक्री खर्च, तयार माल ठेवायच्या गोडाऊनचं भाडं आणि फुकट गेलेला जादा माल हे मालाच्या किमतीत घालायचे नाहीत. एकाच जागेत दळण आणि गोडाऊन असेल तर भाडं जागेच्या मापाने वेगळं करा.

लहान युनिटमध्ये प्रत्यक्षात काय होतं? ३१ मार्चला सीएकडून फोन येतो, "क्लोजिंग स्टॉक किती धरू?" आणि मालक अंदाजाने एक आकडा सांगतो. कोणी विक्रीच्या भावाने सांगतो, म्हणजे न कमावलेला नफाही आत येतो. कोणी फक्त हळकुंडाच्या भावाने सांगतो. मग ते ॲब्सॉर्प्शनही राहत नाही आणि व्हेरिएबलही नाही. आणि एका वर्षी एक तऱ्हा, दुसऱ्या वर्षी दुसरी, असं झालं तर दोन वर्षांच्या नफ्याची तुलना करण्यात काहीच अर्थ उरत नाही. सीएला एकच प्रश्न विचारा: माझ्या शिल्लक पावडरीत किलोमागे स्थिर खर्च किती धरलाय? तो आकडा मिळाला की पुढचं तुम्ही स्वतः करू शकता.

शिल्लक मालाचे किलो गुणिले किलोमागचा स्थिर खर्च, हे वर्षाच्या सुरुवातीच्या स्टॉकसाठी काढा आणि शेवटच्या स्टॉकसाठी काढा. शेवटच्यातून सुरुवातीचं वजा करा. येईल तेवढाच दोन नफ्यांतला फरक. आकडा अधिक आला तर बॅलन्सशीटवरचा नफा तेवढ्याने जास्त दिसतोय, उणे आला तर तेवढ्याने कमी. आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षी १,६०,००० उणे शून्य, दुसऱ्या वर्षी शून्य उणे १,६०,०००. बॅलन्सशीटवरच्या नफ्यातून हा फरक वजा केला की व्हेरिएबलचा नफा हातात. दहा मिनिटांचं काम आहे.

व्हेरिएबललाही मर्यादा आहे, ती सांगितली नाही तर तुम्ही उद्या मला धराल. कोणी बाहेरचा व्यापारी आला आणि १८० ने दोन टन मागितली. बदलता खर्च १६५ अधिक ५, म्हणजे १७०. किलोला १० रुपये सुटतात. मशीन रिकामं असेल, आणि हा माल तुमच्या नेहमीच्या दुकानांत फिरून येणार नसेल, तर २०,००० रुपये सुटले, घ्या. पण हाच भाव रोजचा केला तर? किलोला १० रुपयांनी वर्षाचे ६,००,००० स्थिर खर्च भरायला ६०,००० किलो विकावे लागतील. मशीनने आजवर एका वर्षात सगळ्यात जास्त ३०,००० काढलेत. एकदाच्या ऑर्डरीला व्हेरिएबलचा आकडा बघा, वर्षाचा भाव ठरवताना पूर्ण किंमत बघा.

आणि महिन्याच्या वहीत रुपयांच्या शेजारी किलोचे तीन रकाने आखा: तयार, विकले, शिल्लक. बहुतेकांच्या वहीत विक्रीचे रुपये असतात, किलो नसतात. दोन महिने सलग तयारचा आकडा विकलेल्यापेक्षा मोठा दिसला, की त्या काळातला नफा वाचताना गोडाऊनला एक चक्कर मारून या.

पुढच्या व्हिडिओत डाळमिलचा हिशोब घेऊ. तिथे डाळीबरोबर चुनी आणि टरफलही निघतं, मग स्थिर खर्च कोणावर किती टाकायचा हा वेगळाच गुंता आहे.